डीडी हरवला, मुदत संपली किंवा रद्द करायचा आहे: पैसे परत कसे मिळवायचे

चेक हरवला तर मोबाईल ॲपमधून ‘स्टॉप पेमेंट’ टाकता येते. डीडीच्या बाबतीत ती सोय नाही, आणि बहुतेक लोक इथेच गोंधळतात. पैसे आपले, डीडी आपण काढलेला, मग थांबवायचा अधिकार आपला का नाही?

कारण चेक हा तुम्ही बँकेला दिलेला आदेश असतो आणि पैसे तोवर तुमच्याच खात्यात असतात. डीडी काढताना मात्र रक्कम त्याच क्षणी तुमच्या खात्यातून निघते आणि बँकेच्या स्वतःच्या ‘ड्राफ्ट देय’ अशा खात्यात जाऊन बसते. त्यानंतर पैसे द्यायचे वचन बँकेचे आहे, तुमचे नाही. डीडी ज्याच्या नावे आहे त्याच्या हाती पडला की तो त्या वचनावर विसंबतो. ‘माल खराब निघाला, डीडी थांबवा’ असे सांगून बँक थांबत नाही. त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो.

हे एकदा लक्षात आले की बँकेची सगळी कागदपत्रे दोन प्रश्नांत बसतात. हा डीडी आधीच वटला आहे का? आणि आम्ही तुम्हाला पैसे दिल्यावर मूळ डीडी कुणी घेऊन आले तर नुकसान कोण भरणार? मूळ कागद तुमच्या हातात असेल तर दोन्ही प्रश्न तिथेच मिटतात. तो हरवला असेल तर मात्र दोन्हींची उत्तरे कागदावर लिहून द्यावी लागतात. म्हणून रद्द करणे सोपे, मुदत वाढवणे जरा कमी सोपे आणि हरवलेल्याचा डुप्लिकेट काढणे सगळ्यात किचकट. सोप्यापासून सुरुवात करू.

मूळ डीडी हातात आहे, रद्द करायचा आहे

प्रवेश दुसरीकडे झाला, टेंडर भरायचे राहिले, कार्यालयाने ‘ऑनलाइनच भरा’ म्हणून डीडी परत केला, अशा वेळी ज्या शाखेतून डीडी काढला तिथे जायचे. कोअर बँकिंगमुळे काही बँका कुठल्याही शाखेत रद्द करून देतात, पण अर्जावरची मूळ सही आणि व्हाउचर काढणाऱ्या शाखेत असते. त्यामुळे तिथे काम लवकर होते.

सोबत मूळ डीडी, काउंटरफॉइल, ओळखपत्र आणि एक साधा अर्ज. अर्जात डीडीचा सहा आकडी क्रमांक, तारीख, रक्कम, कुणाच्या नावे आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा करायची ते लिहा. शाखा डीडीच्या मागच्या बाजूला ‘रद्द करून रक्कम खाते क्रमांक अमुक मध्ये जमा करावी’ असे लिहून सही करायला सांगते. ही सही डीडी काढतानाच्या फॉर्मवरच्या सहीशी जुळली पाहिजे. डीडी काढायला मुलगा गेला होता, पण पैसे वडिलांच्या खात्यातून गेले, तर बँकेच्या लेखी खरेदीदार वडील आहेत. रद्द करायचा अर्जही त्यांचाच लागतो आणि पैसेही त्यांच्याच खात्यात जातात.

खरेदीदार कोण यावरून पूर्वी बरेच वाद होत. 15 सप्टेंबर 2018 पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने खरेदीदाराचे नाव डीडीच्या दर्शनी भागावरच छापतात. त्यामुळे डीडी हातात पडताच ते नाव वाचा. कारकुनाने रांगेत उभ्या असलेल्याचे नाव टाकले असेल तर चूक त्याच वेळी दुरुस्त करून घेणे सोपे असते.

इथे एक खाच आहे. कॉलेजने डीडी आपल्या बँकेत भरला आणि नंतर परत मागवला, असे झाले असेल तर त्याच्या दर्शनी बाजूवर त्या दुसऱ्या बँकेचा क्रॉसिंगचा शिक्का पडलेला असतो. तो शिक्का असताना तुमची शाखा डीडी रद्द करत नाही, कारण शिक्का म्हणतो की हे पैसे त्या बँकेमार्फत वसूल व्हायचे आहेत. अशा वेळी त्या दुसऱ्या बँकेकडून ‘आमचे क्रॉसिंग रद्द’ असा शेरा आणि अधिकाऱ्याची सही आणावी लागते, शिवाय कॉलेजच्या लेटरहेडवर रद्द करायला हरकत नसल्याचे पत्र. डीडी परत घेतानाच उलटसुलट करून पाहिला तर हा फेरा वाचतो.

डीडी काढताना भरलेले कमिशन परत मिळत नाही. रद्द करण्याचे शुल्क वेगळे असते, ते बँकेगणिक बदलते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. हे शुल्क परताव्याच्या रकमेतून कापून घेतात किंवा खात्याला वेगळे नावे टाकतात. पासबुकात रक्कम थोडी कमी दिसली तर आधी हे तपासा.

मुदत संपलेला डीडी

1 एप्रिल 2012 पासून डीडीची मुदत तीन महिने आहे. त्याआधी ती सहा महिने होती, आणि घरातली मोठी माणसे अजूनही सहाच धरून चालतात. मुदत डीडीवर छापलेल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो पोस्टात टाकलात किंवा समोरच्याला मिळाला त्या दिवसापासून नाही. 12 जानेवारीचा डीडी 12 एप्रिलपर्यंत चालतो. पण त्या तारखेच्या आत तो वटायला सादर व्हावा लागतो. 12 एप्रिलला संध्याकाळी ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेला डीडी दुसऱ्या दिवशी क्लिअरिंगला जातो आणि ‘मुदतबाह्य’ शेऱ्यासह परत येतो.

मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले, असे नाही. बँकेचे देणे तसेच राहते, फक्त त्या कागदावर पैसे देणे बंद होते. मग दोन वाटा. एक म्हणजे मुदतवाढ. काढणारी शाखा डीडीवर नवी तारीख घालून अधिकाऱ्याच्या सहीने पुन्हा वैध करते. चेक-डीडीवर खाडाखोड चालत नाही, या नियमाला तारखेच्या मुदतवाढीचा अपवाद आहे. दुसरी वाट म्हणजे जुना रद्द करून नवा काढणे. शाखेने पर्याय दिला तर दुसरीच वाट घ्यावी. हाताने तारीख घातलेला डीडी पाहिला की समोरच्या कार्यालयातला लेखनिक बिचकतो, आणि मुदतवाढ बहुधा एकदाच मिळते. नव्याला पुन्हा कमिशन पडते, पण डोकेदुखी राहत नाही.

डीडी ज्याच्या नावे आहे त्याने थेट बँकेत जाऊन मुदत वाढवून मागितली तर त्याला सहसा ‘खरेदीदाराकडून या’ असेच उत्तर मिळते. म्हणून मुदतबाह्य डीडी तुमच्याकडे परत मागवा, स्कॅन कॉपी चालत नाही.

फार जुना डीडी सापडला तर? दहा वर्षे कुणी न मागितलेल्या डीडीची रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग करते. ही योजना 2014 ची आहे. तरीही मागणी तुमच्या बँकेकडेच करायची. बँक आधी तुम्हाला पैसे देते आणि मग निधीकडून भरून घेते. मधल्या काळाचे व्याज मिळत नाही, कारण डीडी ही व्याजाची ठेव नव्हेच. डीडीवरची बँक आता अस्तित्वात नसेल तर ती कशात विलीन झाली ते पाहा. देना आणि विजया बँकेचे डीडी आता बँक ऑफ बडोदाकडे, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँकेचे युनियन बँकेकडे.

डीडी हरवला

एक उदाहरण घेऊन क्रमाने पाहू. नाशिकच्या एका आईने मुलीच्या फीसाठी 36,500 रुपयांचा डीडी काढला, पुण्याच्या कॉलेजच्या नावे, तारीख 10 जून. 11 जूनला तो स्पीड पोस्टाने पाठवला. 19 जूनला कॉलेजने सांगितले की डीडी मिळालेला नाही.

पहिले काम त्याच दिवशी शाखेत लेखी कळवणे. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही. डीडीचा क्रमांक काउंटरफॉइलवर असतो. तेही सापडत नसेल तर पासबुकातल्या त्या दिवसाच्या नोंदीवरून शाखा शोधून देते. तारीख आणि रक्कम सांगितली तरी पुरते. काउंटरवर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: डीडी वटला आहे की अजून बाकी दिसतो? सिस्टिममध्ये हे लगेच दिसते. बाकी असेल तर ‘हरवल्याची सूचना’ म्हणून नोंद करून घ्या, म्हणजे तो क्लिअरिंगला आला तर अधिकाऱ्यासमोर इशारा येतो. ही नोंद म्हणजे स्टॉप पेमेंट नव्हे. खुद्द कॉलेजने आपल्या खात्यात भरला तर तो वटेलच, आणि तसे झाले तर उत्तमच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्यायला विसरू नका. हा शिक्का पुढे उपयोगी पडणार आहे.

कुणी तिसऱ्याने वटवला असेल, ही भीती बरेचदा अवाजवी असते. 20,000 रुपये आणि त्यावरचे डीडी बँकेला ‘अकाउंट पेयी’ क्रॉसिंग करूनच द्यावे लागतात, म्हणजे रक्कम फक्त कॉलेजच्या खात्यातच जाऊ शकते. खरा धोका 20,000 च्या खालच्या, क्रॉस न केलेल्या डीडीला असतो. असा डीडी काढताना काउंटरवर दोन रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ करून मागा, त्याला पैसे पडत नाहीत. सिस्टिममध्ये ‘वटला’ असे दिसलेच तर डुप्लिकेटचा विषय संपतो. मग वटलेल्या डीडीची प्रतिमा लेखी मागायची आणि पैसे कोणत्या बँकेतल्या कोणत्या नावाच्या खात्यात गेले ते पाहायचे. नव्वद टक्के नाही, पण पुष्कळदा ते कॉलेजचेच दुसरे खाते निघते आणि लेखा विभागाला त्याचा पत्ता नसतो. नाव खरोखर वेगळे असेल तर चुकीच्या खात्यात भरून घेणाऱ्या बँकेची ती जबाबदारी बनते, आणि तिथे पोलिस तक्रार हवीच.

आपल्या उदाहरणात डीडी बाकी दिसला. आता लागणारे कागद:

- खरेदीदाराचा डुप्लिकेटसाठी अर्ज. त्यात डीडी कसा हरवला ते एका वाक्यात, सोबत स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगची प्रत.
- कॉलेजचे लेटरहेडवरचे पत्र: अमुक क्रमांकाचा डीडी आम्हाला मिळालेला नाही, आम्ही तो वटवलेला नाही, पुढे मिळाल्यास बँकेला परत करू.
- इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसानभरपाईचे हमीपत्र, स्टॅम्प पेपरवर आणि बँकेच्या नमुन्यात.
- काही बँकांत पोलिसांकडची गहाळ झाल्याची नोंद. पोस्टात हरवला असेल तर ती लागते का, हे आधी विचारून घ्या.

यात वेळ खाते ते कॉलेजचे पत्र. लोक ‘डीडी मिळाला नाही’ एवढेच लिहून आणतात आणि शाखा परत पाठवते, कारण मिळाला नाही आणि वटवला नाही ही दोन वेगळी विधाने आहेत. पत्रावर डीडीचा क्रमांक, तारीख, रक्कम, सही करणाऱ्याचे नाव, पद आणि संस्थेचा शिक्का पाहिजे. मजकूर तुम्हीच टाइप करून ईमेलने पाठवा, त्यांनी फक्त लेटरहेडवर उतरवायचा.

हमीपत्राचा अर्थ नीट समजून सही करा. त्यात तुम्ही लिहून देता की मूळ डीडीपोटी बँकेला कधी पैसे द्यावे लागले तर ते मी भरून देईन. रक्कम मोठी असेल तर बँक एखादा जामीनदारही मागते. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा, हे राज्याच्या मुद्रांक दरांवर ठरते आणि दर बदलत असतात. शाखेला विचारल्याशिवाय पेपर घेऊ नका. खरेदीदाराच्याच नावाने घ्या. मुलीच्या नावावरचा स्टॅम्प पेपर आणि आईची सही, हा कागद परत येतो.

5,000 रुपयांपर्यंतच्या डीडीला मात्र सवलत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार तेवढ्या रकमेसाठी पुरेसे हमीपत्र घेऊन डुप्लिकेट द्यायचा असतो, ज्या शाखेवर डीडी काढलेला आहे तिच्याकडून खुलासा येण्याची वाट पाहायची नसते. परीक्षा शुल्काचे, अर्जाच्या फीचे डीडी याच गटात येतात. काउंटरवर हे नेमके सांगितले तर फायदा होतो.

पंधरा दिवसांचा नियम

डुप्लिकेट डीडी अर्ज मिळाल्यापासून पंधरवड्याच्या आत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर झाला तर तेवढ्या काळासाठी त्या मुदतीच्या ठेवीला लागू असलेल्या दराने व्याज द्यावे लागते. हा नियम खरेदीदाराने किंवा ज्याच्या नावे डीडी आहे त्याने अर्ज केला तरच लागू होतो. मागे सही करून तिसऱ्याला दिलेल्या डीडीला तो लागू नाही.

आईने सगळे कागद 22 जूनला दिले असे धरू. मग 6 जुलैपर्यंत डुप्लिकेट मिळायला हवा. तो 26 जुलैला मिळाला तर उशीर वीस दिवसांचा. ठेवीचा दर 5 टक्के धरला तर 36,500 रुपयांवर रोजचे 5 रुपये, म्हणजे एकूण 100 रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण मागणी लेखी केली की फाइल हलते. शाखा मात्र पंधरवडा ‘पूर्ण कागद मिळाल्यापासून’ मोजते, तुम्ही पहिल्यांदा गेलात त्या दिवसापासून नाही. म्हणूनच शेवटचा कागद देताना पोचेवर शिक्का घ्या. एखादा कागद कमी असल्याचे सांगितले तर कोणता, तेही त्यावर लिहून मागा. नाहीतर दर फेरीला एक नवा कागद निघतो.

बँकेकडे लेखी तक्रार केल्यावर तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट तिथे गेलात तर ती फेटाळली जाते.

सहकारी बँकेतून डीडी काढला असेल तर कागदावर बँकेचे नाव नीट वाचा. अनेक लहान बँका एखाद्या मोठ्या बँकेशी करार करून तिच्या नावाचे डीडी देतात. अर्ज तुमच्याच शाखेत करायचा, पण वटला की नाही याची खातरजमा आणि नोंद त्या मोठ्या बँकेकडून येते. उशीर तिथे होतो. पाठपुरावा करताना पत्र कोणत्या तारखेला पुढे पाठवले, ते विचारत राहा.

फीची शेवटची तारीख आहे, मग वाट पाहायची का?

नाही. आपल्या उदाहरणात शेवटची तारीख 20 जून होती. डुप्लिकेट कितीही लवकर आला तरी त्या तारखेला पोहोचत नाही. अशा वेळी फी ऑनलाइन किंवा नव्या डीडीने भरून टाकावी आणि हरवलेल्याचा डुप्लिकेट न मागता रद्द करून परतावा मागावा. कागद तेच लागतात, फक्त कॉलेजच्या पत्रात एक वाक्य वाढते: ‘फी अन्य मार्गाने मिळाली असून या डीडीवर आमचा कोणताही हक्क नाही व तो रद्द करण्यास हरकत नाही.’ काही शाखा मूळ डीडी नसताना थेट परतावा देत नाहीत. त्या आधी डुप्लिकेट काढतात आणि त्याच टेबलावर तो रद्द करतात. दोन शुल्के लागतील का, हे अर्ज देतानाच विचारा.

परतावा रोखीत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. 50,000 आणि त्यावरचे डीडी मुळात रोखीने मिळतच नाहीत, खात्यातून किंवा चेकनेच काढावे लागतात, आणि रद्द झाल्यावर पैसेही खात्यातच जातात. त्याखालचा डीडी रोख देऊन काढला असेल तर काउंटरफॉइल हाच तुमचा मुख्य पुरावा, कारण पासबुकात त्याची नोंद नसते. त्याचा फोटो मोबाईलमध्ये असलेला बरा, आणि डीडीच्या दोन्ही बाजूंचाही.

डुप्लिकेट हाती पडल्यावर त्यावरची तारीख पाहा, कारण मुदत तिथे छापलेल्या तारखेपासून मोजली जाईल. आणि तीन आठवड्यांनी पोस्टमन मूळ पाकीट घेऊन दारात आला, तर तो डीडी कॉलेजला पाठवू नका, खात्यात भरू नका. हमीपत्रात तसे लिहून दिलेलेच असते. त्यावर आडवी रेघ मारून शाखेत परत करा आणि परत केल्याची पोच हमीपत्राच्या प्रतीला जोडून ठेवा.